रिकामा मेसेज आला तर काय उत्तर द्यायचं: समोरच्याचा प्रश्न आपणच न बनवता

आमची शेतकरी उत्पादक कंपनी विदर्भातली. हंगामात कंपनीच्या नंबरावर दिवसभर मेसेज पडत असतात, आणि त्यात अधूनमधून एक अगदी कोरा असतो. नाव नाही, अक्षर नाही, फोटो नाही, नुसता मेसेजचा मोकळा फुगा. नवीन माणूस टेबलावर बसला की पहिली चूक इथेच होते, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. दुकान, दवाखाना, सोसायटी, ग्रंथालय, कुठल्याही टेबलाला हाच क्रम चालेल. उदाहरणं मात्र आमच्याकडची आहेत, कारण तीच मला नीट ठाऊक आहेत.

एक चूक आधी सांगतो. जुलैअखेरीस सकाळी सातला एका शेतकऱ्याचा कोरा मेसेज आला. टेबलावरच्या पोराने विचार केला, आठवडाभर सगळे बोंडअळीच विचारतायत, याचंही तेच असणार. त्याने साठवलेलं बोंडअळीचं उत्तर पाठवून दिलं, औषधाच्या नावासकट. तिसऱ्या दिवशी तो शेतकरी ऑफिसात आला आणि म्हणाला, "तुम्ही स्वतःहून कळवलं म्हणून मी फवारून टाकलं." त्याच्या कपाशीला नुकत्या पात्या लागल्या होत्या, अळीचा पत्ता नव्हता. मेसेज खिशातल्या फोनवरून चुकून गेला होता.

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर समोरचा माणूस उत्तर म्हणून वाचत नाही, सूचना म्हणून वाचतो. 'कंपनीने मुद्दाम कळवलं' असं त्याला वाटतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. औषधाचं नाव अंदाजाने पाठवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

## १. आधी ठरवा: मेसेज रिकामा आहे, की फक्त रिकामा दिसतोय?

उत्तराचा खोका उघडण्याआधी हे बघायचं. कोरे दिसणारे पुष्कळ मेसेज कोरे नसतातच.

ई-मेल असेल तर विषयाची ओळ वाचा. बरेच लोक सगळं म्हणणं विषयातच लिहितात आणि खालचा भाग मोकळा सोडतात. 'हरभरा बियाणे कधी येणार' असं वर लिहिलेलं असताना 'तुमचा मेल रिकामा आहे' असं उत्तर गेलं, तर ते आपलं हसं. मग जोडलेली फाइल आहे का बघा. `winmail.dat` नावाची फाइल दिसली तर मजकूर किंवा जोडलेली कागदपत्रं तिच्यात अडकलेली असू शकतात. आउटलुकवरून पाठवलेल्या मेलमध्ये हे होतं, आणि तिथे चूक पाठवणाऱ्याची नसते. संगणकावर उघडलेल्या जीमेलमध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूतून `Show original` उघडलं की मेल जसा आला तसा दिसतो. तिथे मजकूर आहे आणि आपल्या पडद्यावर नाही, असं असेल तर अडचण आपल्याकडची आहे. मेलच्या तळाशी फक्त `Sent from my iPhone` असेल तर ती ओळ फोनने घातलेली आहे, माणसाने नाही. असा मेल रिकामाच धरा.

व्हॉट्सअॅप असेल तर नुसत्या स्पेस टाइप करून मेसेज सहसा जातच नाही, पाठवायचं बटण येत नाही. तरीही कोरा फुगा आला असेल तर त्यात बहुधा न दिसणारं अक्षर असतं. कुठून तरी कॉपी केलेलं असेल, किंवा कोणी गंमत म्हणून पाठवलं असेल. 'मेसेज डिलीट केला' अशी ओळ, किंवा 'मेसेजची वाट पाहत आहे' अशी ओळ, हे मात्र रिकामे मेसेज नव्हेत. पहिल्यात माणसाने विचार बदलला आहे, तिथे काहीच लिहायचं नाही. दुसऱ्यात मजकूर अजून उघडायचा आहे, तिथे थांबायचं.

एसएमएस असेल तर बटणांच्या जुन्या फोनवरून कोरा मेसेज सहज जातो. दुसरी शक्यता आपल्या फोनची: देवनागरी न दाखवणाऱ्या हँडसेटवर मराठी मेसेजच्या जागी चौकोन दिसतात, कधी काहीच दिसत नाही. टेबलावर असा जुना हँडसेट असेल तर तो मेसेज देवनागरी दाखवणाऱ्या दुसऱ्या फोनवर पुढे पाठवून बघा.

फॉर्ममधून शीटमध्ये आलेला मेसेज असेल तर तपासणं सर्वात सोपं. मजकूर A2 मध्ये आहे असं धरून बाजूच्या दोन मोकळ्या खान्यांत हे लिहा:

```
=LEN(A2)
=UNICODE(A2)
```

पहिल्यात ० आलं तर खाना खरोखर मोकळा आहे. मग दुसरं सूत्र चूक दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नका. पहिल्यात ० पेक्षा मोठा आकडा आला आणि डोळ्याला काही दिसत नसेल, तर दुसरं सूत्र पहिल्या अक्षराचा क्रमांक सांगतं. 32 म्हणजे साधी स्पेस, 160 म्हणजे न तुटणारी स्पेस, 8203 म्हणजे शून्य रुंदीची स्पेस, 10240 म्हणजे ब्रेलमधला कोरा चौकोन. शेवटचे दोन बहुतेक 'स्पेस काढून टाका' आज्ञांच्या तावडीत सापडत नाहीत. म्हणून यंत्र म्हणतं मजकूर आहे आणि माणूस म्हणतो काहीच नाही.

> सावध: न दिसणारी अक्षरं सरसकट उडवणारं सूत्र सगळ्या शीटवर फिरवू नका. 8205 हे जोडणारं अक्षर मराठीत कामाचं आहे. काही कीबोर्ड 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य काढताना तेच आत घालतात. ते उडवलं की 'दुसर्या' होतं आणि चांगले मेसेज बिघडतात. तपासणी फक्त 'यात दिसणारं एक तरी अक्षर आहे का' एवढीच ठेवा, मूळ मजकुराला हात लावू नका.

एक टिंब, एक प्रश्नचिन्ह, एक हात जोडलेली खूण, यांना रिकामं म्हणायचं की नाही यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. माझं मत असं: प्रश्नचिन्ह रिकामं नाही. ते बहुतेक वेळा 'माझ्या आधीच्या मेसेजचं काय झालं?' असं असतं, म्हणून आधीचं बघा. टिंब मात्र रिकाम्यात धरा. फॉर्म पुढे सरकावा म्हणून लोक टिंब टाकतात.

## २. दोन-चार मिनिटं थांबा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. कोऱ्या मेसेजमागून खरा मेसेज येण्याची शक्यता बरीच असते. माणूस फोटो जोडत असतो, आवाजाचा मेसेज बोलत असतो, किंवा शेतात रेंज येते-जाते. लगेच उत्तर टाकलं की आपलं 'रिकामा दिसतोय' आणि त्याचा फोटो एकमेकांना आडवे जातात, मग दोघंही परत सुरुवातीपासून.

आम्ही पाच मिनिटं ठेवली आहेत. ई-मेलला अर्धा तास. याहून जास्त थांबू नका, नाहीतर तो मेसेज शंभरांच्या खाली जातो आणि विसरला जातो.

> तपासा: वर `typing…` दिसतंय का? दिसत असेल तर हात आवरा.

## ३. मागचं बोलणं पाहा, पण त्यातून एकच गोष्ट घ्या

आता त्या माणसाशी झालेलं आधीचं बोलणं वर सरकवून वाचा. इथेच मोह होतो. मागच्या आठवड्यात त्याने तुरीवरच्या मर रोगाबद्दल विचारलं होतं, म्हणजे आजही तेच असेल, असं मन सांगतं. तसं धरायचं नाही. आठवड्यात त्याच्या वावरात काय झालं ते आपल्याला माहीत नाही.

एक अपवाद आहे, तो नीट समजून घ्या. आपण त्याला काही विचारलेलं असेल आणि त्याचं उत्तर बाकी असेल, तर आपला प्रश्न परत विचारता येतो. उदाहरणार्थ काल आपण विचारलं, 'किती एकर पेरणी आहे?' आणि आज कोरा मेसेज आला. मग लिहा: 'तुमचा मेसेज इथे रिकामा दिसतोय. काल आम्ही एकर विचारले होते, ते कळवायचे असतील तर आकडा पाठवा. दुसरं काही असेल तर तेही चालेल.' हा प्रश्न आपला, आपणच लिहिलेला, तो पुन्हा मांडला. त्याच्या तोंडी काही घातलं नाही. हा फरक टेबलावरच्या प्रत्येकाला एकदा तोंडी समजावून सांगा. कागदावर लिहून चिकटवलेलं कोणी वाचत नाही, हा माझा अनुभव.

## ४. उत्तर लिहा: तीन वाक्यं, बस

पहिलं उत्तर तीन वाक्यांचं. आम्ही वापरतो ते असं:

> नमस्कार. तुमचा मेसेज आला, पण आमच्याकडे तो रिकामा दिसतोय. काही कळवायचं असेल तर लिहून, बोलून किंवा फोटो काढून पाठवा. आम्ही संध्याकाळी सहापर्यंत इथे आहोत.

साधं दिसतं, पण प्रत्येक शब्दाला आम्ही कधी ना कधी ठेच खाल्ली आहे, म्हणून एकेक बघू.

'मेसेज आला'. 'तुमचा मेसेज मिळाला नाही' असं लिहू नका, ते खोटं आहे. मेसेज मिळाला, मजकूर दिसला नाही. 'मिळाला नाही' वाचून माणूस नेटवर्कला दोष देतो आणि तोच कोरा मेसेज परत पाठवतो.

'आमच्याकडे रिकामा दिसतोय'. 'तुम्ही काहीच लिहिलं नाही' यात ठपका आहे, आणि तो चुकीचाही असू शकतो, कारण पहिल्या टप्प्यात पाहिलं तसं कधी गडबड आपल्या बाजूची असते. 'दिसतोय' म्हटलं की जे आपल्याला माहीत आहे तेवढंच सांगितलं जातं.

'काही कळवायचं असेल तर'. इथे नव्वद टक्के लोक लिहितात, 'तुमचा प्रश्न परत पाठवा.' वाचायला निरुपद्रवी, पण यात आपण प्रश्न बनवूनच टाकला. त्याला प्रश्न नसेलच तर? कदाचित त्याला कापसाचे पैसे जमा झाल्याचं सांगायचं असेल, गाडी उशिरा येणार म्हणायचं असेल, किंवा काहीच म्हणायचं नसेल. 'काय विचारायचं होतं?' याचंही तसंच. 'असेल तर' या दोन शब्दांनी त्याला सुटायला वाट राहते: काही नसेल तर तो गप्प बसतो आणि कोणाला अवघडल्यासारखं होत नाही.

'लिहून, बोलून किंवा फोटो काढून'. मराठी टाइप करायला जमत नाही म्हणून पुष्कळ मेसेज अर्धवट जातात. बोलून पाठवलेलं चालतं, हे सांगितल्याशिवाय लोकांना कळत नाही. आमच्याकडे वयस्कर शेतकरी कोऱ्या मेसेजनंतर बहुतेक वेळा आवाजातच उत्तर देतात.

वेळ. 'सहापर्यंत' हे खरं असेल तरच लिहा.

संबोधनाचं एक: नंबर ओळखीचा असेल तर नेहमी जे म्हणता तेच म्हणा, 'वसंतभाऊ', 'काकू', जे असेल ते. अनोळखी नंबरावर नुसतं 'नमस्कार'. कोऱ्या मेसेजवरून समोर दादा आहे की ताई हे कळत नाही, आणि वरच्या मजकुरात क्रियापदं अशी आहेत की कोणालाही चालतात. 'दादा' म्हणून सुरुवात केली आणि पलीकडे बाई निघाली, तर पहिलाच शब्द अंदाजाचा ठरला.

> सावध: पहिल्या उत्तरात पर्यायांची यादी देऊ नका. '१ बियाणे, २ खत, ३ फवारणी, ४ विक्री' अशी यादी म्हणजे चार अंदाज एकदम. आम्ही ती दोन महिने चालवली. लोक काहीतरी निवडायचं म्हणून निवडत. एका आजोबांनी २ पाठवलं, आम्ही खताचे भाव पाठवले, आणि दोन दिवसांनी कळलं की त्यांना सभासदत्वाची पावती हवी होती. यादीत ती नव्हतीच.

आपोआप जाणाऱ्या उत्तराकडेही बघून घ्या. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये स्वागताचा मेसेज लावलेला असतो. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवसांत काही बोलणं झालं नसेल त्याला, तो आपसूक जातो, मेसेजमध्ये काय आहे हे न बघता. तिथे 'आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद, लवकरच उत्तर देऊ' असं असेल, तर कोऱ्या मेसेजलाही तेच जातं. मग तो माणूस उत्तराची वाट बघत बसतो आणि आपण त्याच्या प्रश्नाची. तो मजकूर बदलून 'नमस्कार, हा अमुक कंपनीचा नंबर. माणूस सकाळी सात ते संध्याकाळी सहा उत्तर देतो' असा करा. कशाचे आभार नाहीत, कसलं वचन नाही.

## ५. परत कोरा आला, किंवा काहीच आलं नाही

काहीच आलं नाही तर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी 'काय झालं, कळवलं नाहीत?' असा मेसेज टाकू नका. चुकून बटण दाबलं गेलेल्या माणसाला त्याचा वैताग येतो.

परत कोरा आला तर मजकूर थोडा बदला, कारण तोच मेसेज दुसऱ्यांदा वाचला की यंत्राने पाठवल्यासारखा वाटतो: 'हाही मेसेज रिकामाच दिसतोय. टाइप होत नसेल तर या नंबरावर फोन करा.' तिसऱ्यांदा कोरा आला तर लिहिणं थांबवा.

कोऱ्या मेसेजसोबत मिस्ड कॉल असेल, तर मेसेज न लिहिता सरळ फोन करा. फवारणीच्या दिवसांत आम्ही हे ताबडतोब करतो. अडचणीतल्या माणसाला टाइप करवत नाही, एवढं खरं आहे. पण फोनवरही पहिलं वाक्य 'विषबाधा झाली का?' असं नसावं. 'तुमचा फोन आणि मेसेज आला होता, बोला,' एवढंच. तो बोलेल. आणि खरंच तसलं काही असेल तर सल्ला देत बसू नका, १०८ ला फोन करायला लावा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्यायला सांगा.

> तपासा: फोन लागला आणि 'नाही हो, चुकून लागला' असं उत्तर आलं, तर 'ठीक आहे' म्हणून ठेवा. 'आता बोलतोच आहोत तर नवीन बियाणं आलंय' असं सुरू करू नका.

## ६. नोंद करताना तीच चूक पुन्हा होते

उत्तरात सांभाळलेलं लोक नोंदवहीत घालवतात. आमच्या शीटला 'विषय' असा खाना आहे आणि तो भरल्याशिवाय ओळ बंद होत नाही. टेबलावरचा माणूस सवयीने 'पीक सल्ला' लिहितो. दुपारच्या पाळीला बसलेली ताई ते वाचते, आणि तिच्या दृष्टीने त्या शेतकऱ्याने पीक सल्ला विचारलेला असतो. सकाळचा अंदाज दुपारपर्यंत माहिती होऊन बसतो.

उपाय सोपा आहे. 'विषय' खान्याच्या निवडींमध्ये 'रिकामा' अशी एक निवड घाला. शेऱ्यात काय दिसलं तेवढंच लिहा: 'स. ७.१०, व्हॉट्सअॅप, कोरा फुगा, ७.१५ ला उत्तर दिलं, प्रतिसाद नाही.' नंतर खरा मेसेज आला तर त्याची वेगळी ओळ करा, जुनी खोडून तिच्यावर लिहू नका. महिन्याच्या चौकशींच्या आकड्यात 'रिकामा' धरू नका.

## ७. एकाच दिवशी अनेक कोरे आले तर थांबा

एखादा कोरा मेसेज माणसाच्या बोटाचा असतो. वेगवेगळ्या लोकांचे तीन कोरे मेसेज एका दिवसात, एकाच वाटेने आले, तर बोट आपलं आहे असं समजा. चौथ्याला 'रिकामा दिसतोय' पाठवण्याआधी आपल्या फोनवरून तो फॉर्म स्वतः भरून बघा.

आमच्याकडे झालेलं असं. सोमवारी सकाळी फॉर्ममधून अकरा मेसेज आले, सगळे कोरे, पण नाव आणि गाव नीट. अकरा जणांना एकदम मोकळं सोडावंसं वाटेल, हे पटत नव्हतं. मी स्वतः 'चाचणी' असं लिहून पाठवलं, तेही कोरंच आलं. मग उलगडा झाला: शनिवारी कोणीतरी फॉर्मवरचं 'तुमचं म्हणणं' हे शीर्षक बदलून 'संदेश' केलं होतं. मजकूर आमच्यापर्यंत आणणारी स्क्रिप्ट मात्र जुन्याच शीर्षकाने शोधत होती:

```
var msg = e.namedValues['तुमचं म्हणणं'];
```

त्या नावाचा खाना फॉर्मवर उरलाच नव्हता, म्हणून हाती काही येत नव्हतं. मजकूर हरवला नव्हता, मूळ शीटमध्ये नव्या शीर्षकाखाली अकराही मेसेज जसेच्या तसे होते. शीर्षक परत जुनं केलं, ते अकरा वाचले आणि एकेकाला उत्तर दिलं.

तोवर त्यांतल्या चौघांना 'तुमचा मेसेज रिकामा दिसतोय' गेलेलं होतं. त्यांना लिहिलं, 'गडबड आमच्या फॉर्मची होती, तुमचा मेसेज आता वाचला,' आणि पुढे थेट त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर. एक जण विचारत होता, डाळ मिल रविवारी चालू असते का. बंद असते.